खांद्यावरचे ओझे : एका वस्तूवरून मालिका ओळखण्याची गोष्ट

जुनी मालिका आठवू पाहणाऱ्या माणसाला तिचे नाव सहसा आठवत नाही. कथानक त्याहून आधी विसरलेले असते. नटांचे चेहरे आठवतात, पण ते दुसऱ्याच कुठल्या खेळातले निघतात. टिकून राहते ती एखादी वस्तू. “तो गाजर खाणारा हेर कोण?” असे कोणी विचारले, की ऐकणारा चटकन सांगतो : 1985 साली दूरदर्शनवर आलेला करमचंद. हेराचे काम पंकज कपूर यांनी केले होते. त्यातील एकही गुन्हा ज्याला आठवत नाही, त्यालाही ते गाजर आठवते.

परंतु सगळ्याच वस्तू इतक्या सरळ साक्ष देत नाहीत. काही वस्तू मूळ मालकाचे नाव सांगतात, काही दुसऱ्याचेच सांगतात, आणि काही एकाच वेळी चार जणांची नावे घेतात. हा विषय उज्जयिनीत बसून विचारात घेण्यासारखा आहे. भारतातील एका फार जुन्या मालिकेचा नायक याच नगरीचा मानला जातो, आणि त्या मालिकेची खूण म्हणजे त्याच्या खांद्यावरचे ओझे. ती मालिका म्हणजे विक्रम आणि वेताळ यांच्या कथा.

‘मालिका’ हा शब्द मी येथे मुद्दाम वापरतो. दूरचित्रवाणी येण्यापूर्वी कितीतरी शतके या कथांची रचना मालिकेचीच होती. प्रारंभ तोच, प्रवास तोच, शेवटी कोडे तेच नसले तरी कोड्याची जागा तीच. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला. त्यात ही वेताळपंचविशी सविस्तर आली आहे. एक भिक्षू राजाला रोज एक फळ आणून देतो. राजा ते कोशाध्यक्षाकडे सोपवतो. एके दिवशी ते फळ राजा सहज एका माकडाला देतो, माकड ते फोडते, आणि आतून अमूल्य रत्न बाहेर पडते. आजवरची सारी फळे कोठारात कुजून गेलेली असतात, पण त्यांच्या जागी रत्नांचा ढीग पडलेला असतो. या दानाने बांधला गेलेला राजा भिक्षूचे एक काम अंगावर घेतो : कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात यायचे आणि दूरच्या शिंशपा वृक्षावर लटकणारे प्रेत उतरवून आणायचे.

त्या प्रेतात वेताळ शिरलेला आहे. राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालू लागतो, वाट कंठावी म्हणून वेताळ कथा सांगतो, आणि शेवटी प्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. तो बोलला, तर मौन मोडल्यामुळे प्रेत परत झाडावर जाणार. राजा बोलतो, प्रेत जाते, राजा पुन्हा झाडाकडे वळतो, आणि पुढची कथा सुरू होते.

यात ओझ्याचे काम काय, ते नीट पाहावे. हे प्रेत शोभेसाठी नाही. ते खांद्यावर आहे म्हणून राजाला चालावे लागते, चालावे लागते म्हणून कथा ऐकावी लागते, आणि ते निसटते म्हणून पुढची कथा संभवते. प्रेत काढून घेतले, तर पंचवीस सुट्या गोष्टी उरतील, मालिका उरणार नाही. करमचंदाचे गाजर याहून वेगळ्या जातीचे आहे. त्याच्या हातातले गाजर काढून शेंगांची पुडी दिली असती, तरी गुन्ह्याचा तपास तसाच लागला असता. एक वस्तू मालिकेचे यंत्र चालवते, तर दुसरी केवळ कपाळावरच्या टिळ्यासारखी ओळख पटवते. आठवणीतल्या वस्तूवरून शोध घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की ती वस्तू दिसत कशी होती यापेक्षा ती करत काय होती?

हा प्रश्न महत्त्वाचा का, हे इतिहासातून कळते. सोमदेवाच्या ग्रंथात या राजाचे नाव त्रिविक्रमसेन आहे, आणि त्याची राजधानी उज्जयिनी नसून गोदावरीकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण आहे. पुढे परंपरेने हा राजा उज्जयिनीच्या विक्रमादित्याशी एकरूप केला. नाव बदलले, नगर बदलले, नदी बदलली. वृक्षही एकच राहिला नाही. संस्कृतातील शिंशपा पुढच्या चित्रांतून पारंब्यांचा वड झालेला दिसतो, कारण भुताचे झाड म्हणजे वड किंवा पिंपळ अशी लोकांची ठाम समजूत आहे. इतके सारे बदलले, पण राजाच्या खांद्यावरचे ओझे कोणी उतरवले नाही, कारण ते उतरवले की गोष्टच थांबली असती. ज्या वस्तूवर कथेचा भार आहे ती शतकानुशतके टिकते, आणि ज्या वस्तूवर तो नाही ती प्रत्येक पिढीत बदलत जाते. म्हणून ओळख पटवताना राजाचा मुकुट, त्याचे नाव किंवा झाडाची जात यांपेक्षा त्याच्या खांद्यावर काय आहे यावर भिस्त ठेवावी.

तरीही ओझे पुरेसे नाही. आपल्या पिढीतील माणसाने ते निरनिराळ्या ठिकाणी पाहिलेले असते. मराठी घरांत ते प्रथम बहुधा ‘चांदोबा’ मासिकातून आले. 1947 साली मद्रासेत सुरू झालेल्या ‘चंदामामा’ची ही मराठी आवृत्ती 1952 साली निघाली. त्यातील वेताळकथेच्या आरंभी येणारे चित्र, म्हणजे हातात तलवार घेतलेला राजा आणि त्याच्या खांद्यावरचे प्रेत, चित्रकार शंकर यांचे. त्यांचे पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन्. 2020 साली ते वारले. अंक बदलत, गोष्ट बदले, चित्र मात्र तेच राही. मूळ पंचवीस कथा संपल्यावर मासिकाने त्याच चौकटीत नव्या कथा घालून ते सदर पुढे कित्येक वर्षे चालवले. ज्या घरात ‘चांदोबा’ येई, तेथील मुलांनी ते चित्र शेकडो वेळा पाहिले असेल.

दुसरे स्थान दूरदर्शन. 1985 साली रामानंद सागर यांच्या संस्थेने ‘विक्रम और बेताल’ ही हिंदी मालिका सादर केली. दिग्दर्शन प्रेम सागर यांचे होते. विक्रम झाले अरुण गोविल आणि बेताल झाले सज्जन हे जुने नट. पुढे 2009 साली आणि 2018 साली याच विषयावर आणखी मालिका आल्या. 2018 च्या मालिकेत वेताळाचे काम मकरंद देशपांडे यांनी केले.

आता ‘चांदोबा’ आणि 1985 ची मालिका यांत फरक कसा करावा? येथेही ओझ्याकडेच पाहावे, पण थोडे अधिक बारकाईने. ग्रंथात आणि मासिकात राजा जे वाहतो ते प्रेत आहे. वेताळ त्याच्या आत आहे आणि तेथून तो बोलतो. दूरदर्शनच्या पडद्यावर मात्र प्रेत असे उरलेच नाही. पांढऱ्या केसांचा जिताजागता बेताल स्वतःच राजाच्या पाठीवर बसतो, हसतो, बोलतो आणि हवेतून उडत झाडाकडे जातो. म्हणजे वाहन म्हणावे तर ते येथे राजाच आहे! असा बदल का झाला, हे समजणे कठीण नाही. कागदावर प्रेताच्या मुखी संवाद घालता येतो, पण पडद्यावर निश्चल प्रेत दर आठवड्याला बोलत राहिले, तर नटाला करण्यासारखे काही उरत नाही. तेव्हा ज्याला लुळे, लोंबते शरीर आठवते, त्याची आठवण बहुधा छापील पानावरची असते. ज्याला पांढरे केस आणि उड्डाण आठवते, त्याची आठवण पडद्यावरची असते.

रंगांच्या साक्षीवर मात्र विसंबू नये. भारतात दूरचित्रवाणीला रंग आला तो 1982 साली, आणि त्यानंतरही पुष्कळ घरांत कृष्णधवल संच होते. एकाच मालिकेतील राजाचे वस्त्र एकाला केशरी आठवेल आणि दुसऱ्याला राखी, आणि दोघेही खरेच बोलत असतील. केसांचा पांढरेपणा हा दोन्ही संचांवर पांढराच दिसे, म्हणून त्याची साक्ष अधिक भरवशाची.

चेहऱ्यांची साक्ष तर याहून फसवी, आणि त्याचे कारण अगदी ठोस आहे. जानेवारी 1987 मध्ये याच सागर मंडळींचे ‘रामायण’ सुरू झाले. तेथे राम झाले ते अरुण गोविलच. सीतेचे काम करणाऱ्या दीपिका, लक्ष्मण झालेले सुनील लहरी आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी हेही आधी ‘विक्रम और बेताल’मधील निरनिराळ्या कथांत दिसले होते. त्यामुळे “अरुण गोविल राजपोशाखात होते” एवढ्या आठवणीला काही अर्थ उरत नाही. त्यांच्या हातात काय होते, ते विचारावे लागते. धनुष्य असेल तर एक मालिका, उपसलेली तलवार आणि पाठीवर ओझे असेल तर दुसरी.

आता एक अवघड उदाहरण घेऊन ते टप्प्याटप्प्याने सोडवून पाहू. समजा, कोणी म्हणाला : “मला एक उडता रथ आठवतो. एक मुलगी होती, तिला राक्षसाने पळवले होते. गोष्टीचे नाव ठाऊक नाही.” ऐकणारा लगेच म्हणेल : हे रामायणच, आणि तो रथ म्हणजे पुष्पक विमान. उत्तर सुसंगत वाटते, आणि म्हणूनच येथे थांबू नये. सोमदेवाच्या पंचविशीतील पाचवी कथा याच उज्जयिनीतील आहे, आणि तिच्यातही मुलगी, राक्षस आणि उडता रथ ही तिन्ही आहेत.

ती कथा अशी. उज्जयिनीचा राजा पुण्यसेन, त्याचा मंत्री हरिस्वामी. मंत्र्याची कन्या सोमप्रभा हिची अट अशी, की वर शूर असावा, किंवा ज्ञानी असावा, किंवा विद्येच्या बळावर अद्भुत वस्तू घडवणारा असावा. बाप, भाऊ आणि आई यांनी एकमेकांना न विचारता तीन वेगवेगळ्या वरांना शब्द दिला. लग्नाच्या दिवशी तिघेही दारात उभे, आणि मुलगी नाहीशी झालेली. ज्ञानी वराने ओळखले, की धूम्रशिख नावाच्या राक्षसाने तिला विंध्याच्या अरण्यात नेले आहे. दुसऱ्याने आकाशातून जाणारा रथ सिद्ध केला. त्यात बसून सारे तेथे गेले आणि तिसऱ्याने, म्हणजे शूराने, राक्षसाला मारले. मग वेताळाचा प्रश्न : कन्या कोणाची? राजाने उत्तर दिले, शूराची. कारण तिला सोडवण्याचे काम त्याने केले, बाकीचे दोघे त्या कामाची साधने ठरले.

मग या आठवणीचा उलगडा कसा करायचा? रथाचा आकार विचारून उपयोग नाही. आकार ठरवतो तो चित्रकार किंवा नेपथ्यकार, आणि त्यांनी तो एकमेकांचा पाहूनच ठरवलेला असतो. विचारायचे ते हे, की रथ केव्हा उडाला आणि त्यात कोण बसले होते? रामायणात राम लंकेला सेतूवरून, वानरसेनेसह पायी जातो, आणि पुष्पक येते ते विजयानंतर, अयोध्येला परतण्यासाठी. म्हणजे सोडवायला जाताना आकाशवाहन नाही, परतताना आहे. उज्जयिनीच्या कथेत उलट घडते. मुलगी सोडवायला जाण्यासाठीच रथ घडवला जातो, आणि लढाईच्या आधी तो उडतो. आठवण सांगणारा “ते तिला आणायला रथातून गेले” असे म्हणाला, तर कौल सोमप्रभेकडे झुकतो. “रथातून घरी आले आणि लोक स्वागताला उभे होते” असे म्हणाला, तर पुष्पकाकडे.

यानंतर दुसरा प्रश्न : रथ एकदाच दिसला की पुन्हा पुन्हा? सोमप्रभेचा रथ एका कथेपुरता आहे. तो मालिकेची खूण नसून मालिकेतील एका भागाचे सामान आहे. अशा वस्तूवरून कथा सापडते, मालिका सापडत नाही. कारण हीच कथा संस्कृत ग्रंथात, हिंदी पचीशीत, मुलांच्या पुस्तकांत आणि पडद्यावरही येऊ शकते. मालिका ठरवायची असेल, तर कथेच्या आधी आणि नंतर काय दिसत असे ते विचारावे : स्मशान, झाड, राजाचे परत वळणे. दोन्ही टोकांना ओझे आहे असे उत्तर आले, तर चौकट वेताळाची. कथा सुटीच आठवत असेल, तर “वेताळकथा आहे, पण कोठे पाहिली ते ठरत नाही” असे सांगून थांबणे हेच प्रामाणिकपणाचे.

तिसरा टप्पा पडताळ्याचा. आठवण सांगणाऱ्याला त्याच्या उत्तराला पोषक असेच प्रश्न विचारले, तर तो सगळ्यांना होकार देतो, कारण ऐकलेली वस्तू आठवणीत लगेच जाऊन बसते. म्हणून त्या मालिकेत नसलेल्या वस्तूचाही प्रश्न घालावा. “सिंहासनाच्या पायरीवरच्या बाहुल्या बोलत होत्या का?” असे विचारावे. तो “हो, होत्या” म्हणाला, तर त्याच्या मनात दोन मालिका एक झाल्या आहेत. बाहुल्या वेताळाच्या नाहीत. त्या सिंहासनबत्तिशीच्या.

हा घोटाळा फार नेहमीचा आहे, कारण दोन्हींचा नायक विक्रमच. बत्तिशीतील वस्तू मात्र निराळी, आणि तिचे कामही नेमके उलटे. इंद्राने विक्रमाला दिलेले हे सिंहासन त्याच्या मागे कोणी योग्य पुरुष नाही म्हणून पुरले जाते. पुढे एका शेतात, उंचवट्यावर बसला की शेताचा मालक उदार होतो आणि खाली उतरला की कृपण, असे धारेच्या भोज राजाला दिसते. तो ती जमीन घेऊन खणतो आणि बत्तीस पुतळ्यांचे सिंहासन बाहेर काढतो. तो त्यावर चढू लागला, की प्रत्येक पुतळी त्याला अडवून विक्रमाची एक गोष्ट सांगते. वेताळाचे प्रेत राजाला चालायला लावते, तर सिंहासन राजाला जागीच थांबवते. पहिल्यात विक्रम स्वतः आहे, दुसऱ्यात विक्रम केवळ स्मरणात आहे. “राजा चालत होता की उभा होता?” एवढ्या एका प्रश्नावर पुष्कळदा निकाल लागतो.

मराठी वाचकाच्या दृष्टीने बत्तिशीला आणखी एक मान आहे. मराठी मुद्रणाच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत ती येते. विल्यम केरी यांच्या बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून वैजनाथशास्त्री यांची मराठी ‘सिंहासन बत्तिशी’ 1814 साली मोडी लिपीत निघाली. धर्मप्रसारासाठी आलेल्या मिशनऱ्यांनाही मराठी गद्य शिकण्याशिकवण्यासाठी याच गोष्टी सोयीच्या वाटल्या. आणि 2014 साली एका हिंदी वाहिनीवर ‘सिंहासन बत्तीसी’ ही मालिका आली, तेव्हा बरोबर दोनशे वर्षांनी त्या पुतळ्या पुन्हा बोलू लागल्या.

कोकणच्या आणि गोव्याच्या श्रोत्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. तेथे वेताळ हा गावचा राखणदार देव आहे. रात्री तो गावाभोवती फिरतो, फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला नव्या वहाणा वाहतात. कोणाच्या आठवणीत वेताळाबरोबर चामड्याच्या वहाणा आल्या, तर ती कोणत्याही मालिकेची खूण नव्हे. ती गावच्या देवळातून आलेली आहे. पंचविशीतल्या वेताळाला वहाणांची गरजच नाही. तो दुसऱ्याच्या पायांनी चालतो.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. वस्तूवरून चौकट ओळखता येते, कथा ओळखता येते, छापील आणि पडद्यावरचे रूप निराळे करता येते. पण एकाच चौकटीतल्या दोन पडद्यावरच्या मालिका, म्हणजे 1985 ची आणि 2009 ची, निव्वळ वस्तूवरून निराळ्या करणे कठीण, कारण पुढची मालिका मागचीच खूण मुद्दाम उचलते. तेथे वस्तू सोडून सांगणाऱ्याचे वय, घरातला संच आणि वार यांकडे वळावे लागते. तसेच ‘चांदोबा’तील नव्याने रचलेल्या कथांमधील एखादी वस्तू आठवत असेल, तर ती सोमदेवात कितीही शोधली तरी मिळणार नाही. तिच्यासाठी जुने अंकच चाळले पाहिजेत.

क्षिप्रेच्या काठी चक्रतीर्थाचे स्मशान आजही आहे, आणि येथील माणसे वेताळाचे झाड याच परिसरात होते असे सांगतात. सोमदेवाचा राजा मात्र गोदावरीच्या काठी राहतो. या दोन नद्यांमध्ये राजा कोणाचा, हा वाद झाडाने मिटत नाही, मुकुटाने मिटत नाही, नावानेही मिटत नाही. खांद्यावरच्या ओझ्याने तो राजा कोणत्या गोष्टीतला एवढे नक्की कळते. तो कोणत्या गावचा, हे त्या ओझ्याला विचारू नये.